फेस लागण्याआधी

दाढी करणाऱ्याला काही सांगायचं असेल, तर ते गालाला फेस लागण्याआधीच. नंतर तोंड उघडलं की ब्रश दातांवर फिरतो, आणि वस्तरा गळ्याशी आल्यावर माणूस कशालाही 'हो'च म्हणतो.

रविवारी सकाळी नौपाड्यातल्या एका सलूनमध्ये माझा नंबर चौथा होता. पेपर कोणीतरी आधीच पळवलेला, म्हणून मी आरशातून दुसऱ्यांच्या दाढ्या पाहत बसलो. काकांनी एकाची दाढी संपवली, वस्तरा मगातल्या पांढुरक्या पाण्यात बुचकळला, खांद्यावरच्या फडक्याला पुसला आणि पुढच्याच्या गालावर टेकवला. ब्लेड तेच!

खरी पद्धत सोपी आहे. नवं ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं, अर्धं वस्तऱ्यात घालायचं, उरलेलं अर्धं कागदातच पुढच्या गिऱ्हाइकासाठी ठेवायचं. त्यामुळे अर्धं ब्लेड दिसलं म्हणून बिचकायचं कारण नाही. कागदातून निघालं तर आपलं. वस्तऱ्यात आधीच बसलेलं असलं, तर कोणाचं तरी.

आणि ते 'कोणाचं तरी' साधं नसतं. हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला धरणाऱ्या काविळीचा विषाणू, वाळलेल्या रक्तातही निदान 7 दिवस तग धरतो. रक्त डोळ्यांना दिसायलाच हवं असंही नाही. मगात जंतुनाशकाचे चार थेंब असतीलही, पण फेस आणि केसांनी गढूळ झालेल्या पाण्यात क्षणभर बुडवून पातं निर्जंतुक होत नाही.

माझा नंबर आला. खुर्चीत टेकता टेकताच म्हटलं, "काका, ब्लेड समोर बदलाल का? माझी कातडी जरा नाटकी आहे, लगेच पुरळ उठतं." दोष स्वतःच्या कातडीवर घेतला की समोरच्याचा अपमान होत नाही. (कातडी माझी गेंड्याची आहे, हे घरी सगळ्यांना माहीत आहे.) काकांनी निमूट जुनं पातं काढून डब्यात टाकलं, खाचेत अडकलेले केस झटकले. मीच धीर करून म्हटलं, "ती खाच थोडी स्पिरिटने पुसता?" तीही पुसली. नवं ब्लेड कट्कन मोडलं.

मी विजयी मुद्रेने डोळे मिटले. दाढी झाली आणि हनुवटीवर काहीतरी गार, गुळगुळीत फिरलं. तुरटी! आधीच्या तिघांच्या ओरखड्यांवरून फिरून आलेली, ओलीच. ब्लेडच्या नादात तिच्याकडे लक्षच गेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी वाण्याकडून घेतलेला तुरटीचा खडा काडेपेटीत घालून गेलो आणि आरशासमोर ठेवला. काकांनी पेटी उघडून पाहिली, बंद केली.

"वस्तरा नाही आणला घरून?"

"तुमच्यावर विश्वास आहे ना."

"हो, दिसतोय," म्हणत त्यांनी ब्लेडचा कागद माझ्या नाकासमोर धरला आणि जादूगारासारखा सावकाश मोडला.