दत्त्याची छत्री

मंगळवार, रात्री साडेदहा.

आज दिवसभरात इंग्रजी अनुवादाची जेमतेम दोन पाने झाली. एरवी याची मला लाज वाटली असती, पण ही दोन पाने गेला आठवडाभर अडून बसली होती, म्हणून त्यांच्याविषयी लिहून ठेवतो.

कथा एका जुन्या दिवाळी अंकातली आहे. घाटमाथ्यावरच्या खेड्यात राहणाऱ्या निवृत्त गुरुजींकडे त्यांचा जुना विद्यार्थी दत्ता येतो, तो आता प्रांत झालेला आहे. ज्या मुलाला गुरुजींनी वर्गात ‘दत्त्या’ म्हणून हाका मारल्या, त्याला ते दारातच ‘यावं साहेब, आपण बसावं’ असे म्हणतात. दत्ता कानकोंडा होतो आणि म्हणतो, ‘गुरुजी, मला अहो-जाहो करू नका.’ गुरुजी हसतात, पण ‘आपण’ काही सोडत नाहीत. वरवर पाहता कथेत यापलीकडे काही घडत नाही. जे घडते ते सगळे सर्वनामात घडते, आणि मला ती अशा भाषेत न्यायची आहे जिथे कलेक्टरलाही ‘यू’ आणि कुत्र्यालाही ‘यू’.

पहिल्या मसुद्यात मी नवशिक्याचीच चूक केली. गुरुजींच्या प्रत्येक वाक्याला एक ‘प्लीज’ आणि एक ‘सर’ चिकटवले. परवा ते मोठ्याने वाचले तेव्हा गुरुजी एखाद्या हॉटेलातल्या स्वागतकक्षात उभे असल्यासारखे वाटू लागले. शिवाय इंग्रजीतला ‘प्लीज’ नुसता नम्र नसतो, जागा चुकली तर त्यात वैताग ऐकू येतो. आणि ‘सर’ म्हटले की आपल्याकडे डोळ्यांपुढे आधी शिक्षकच उभा राहतो, म्हणजे कोण कोणाला मान देतो आहे तेच उलटे व्हायचे. शेवटी दोघांची संबोधने मराठीच ठेवली: दत्ता म्हणणार ‘गुरुजी’, गुरुजी म्हणणार ‘साहेब’. साहेबाच्या स्पेलिंगात मात्र मुद्दाम ‘आय’ऐवजी ‘ई’ घातला, कारण ‘साहिब’ वाचले की इंग्रजी वाचकाला गोरा अधिकारी आणि पंखा ओढणारा नोकर दिसू लागतो.

खरी फजिती केली ती ‘आपण’ने. निरोपाच्या वेळी गुरुजी म्हणतात, ‘अंधार पडायच्या आत आपण निघावं, घाट उतरायचा आहे.’ मी घाईघाईत ‘वी शुड लीव्ह’ असे लिहून मोकळा झालो. संपादिकाबाईंना मराठी येत नाही, पण त्यांचे वाचन बारकाईचे. त्यांनी समासात एवढेच विचारले की म्हातारे गृहस्थ स्वतःच्या घरातून कुठे निघाले आहेत? मी कपाळावर हात मारून घेतला. ‘आपण आलो’ आणि ‘आपण आलात’ यांत क्रियापद सांगून टाकते की हा ‘आपण’ सर्वांना धरून आहे की समोरच्याच्या मानाचा. पण ‘निघावं’, ‘बसावं’ अशा रूपांत कर्ता कोण ते क्रियापद सांगत नाही, संदर्भावरूनच ओळखावे लागते. आणि मला तर आता असे वाटते की गुरुजींच्या तोंडी लेखकाने हे संदिग्ध रूप जाणूनबुजून घातले आहे: पाहुण्याला ‘तुम्ही आता जा’ असे न सांगता जायला सांगण्याची ती रीत आहे. मराठीत विध्यर्थाइतका सभ्य दरवाजा दुसरा नाही.

तो इंग्रजीत कसा उघडायचा, यावर आजची दुपार गेली. अखेर ‘यू’ टाळूनच वाट सापडली. गुरुजी आता समोर बसलेल्या माणसाशी बोलतानाही तृतीय पुरुष वापरतात: ‘साहेब विल वॉन्ट टु बी डाउन द घाट बिफोर डार्क.’ इंग्रजी कानाला हे किंचित अवघडल्यासारखे लागते, पण तसेच लागायला हवे आहे, कारण दत्तालाही ते अवघडच वाटते. हीच युक्ती मग दारातल्या ‘आपण बसावं’लाही लावली. मात्र दोनच ठिकाणी. तिसऱ्यांदा वापरली असती तर गुरुजी नाटकी झाले असते.

एक मित्र म्हणाला, जुन्या इंग्रजीत ‘दाउ’ होताच की, तो ‘तू’साठी घे. व्याकरणाच्या हिशेबाने त्याचे खरे आहे: ‘दाउ’ एकवचनी, आणि आजचा ‘यू’ मुळात अनेकवचनी, म्हणजे इंग्रजांनी ‘तू’ टाकून देऊन सरसकट ‘तुम्ही’ ठेवला असे म्हणता येईल. परंतु 1611च्या बायबलमध्ये देवालाही ‘दाउ’च आहे, जसा आपला विठोबाही ‘तू’च, आणि व्यवहारातून तो शब्द गेल्यावर आजच्या वाचकाच्या कानात त्याची प्रार्थनाच उरली आहे. दत्त्याला हाक मारताना गुरुजी स्तोत्र म्हणताहेत असे वाटले असते.

काकूंचे काम त्या मानाने सोपे होते. त्या पहिल्यापासून ‘ये रे बाबा, पाय धू’ असेच बोलतात. प्रांत असो की पोस्टमन, त्यांच्या ओसरीवर सगळे एकेरी. त्यांच्या तोंडी मी नुसत्या आज्ञा ठेवल्या, एकही ‘वुड यू’ नाही, आणि त्यामुळे गुरुजींचा आदब आपोआप उठून दिसला.

एक गोष्ट मात्र हातून निसटली. कथेचा निवेदक लिहितो, ‘गुरुजी उठले. दत्ताही उठला.’ इतक्या साध्या दोन वाक्यांत निवेदकाने आपली बाजू सांगून टाकली आहे: त्याच्या लेखी प्रांत एकवचनी आहे. इंग्रजीत दोघेही ‘गॉट अप’. निवेदनात म्हाताऱ्याचे नाव कधीच न घेता फक्त ‘गुरुजी’ आणि अधिकाऱ्याला कायम नुसते ‘दत्ता’ ठेवून थोडीफार भरपाई केली, पण ती थोडीफारच आहे. मूळ मराठीत हा मान वाचकाच्या लक्षातही न येता पोचतो, आणि माझ्याकडे तो लक्षात आला तरच पोचतो.

आता शेवट. जीप सुरू होते, दत्ता हात जोडतो, आणि ओसरीवरून गुरुजी एकदम ओरडतात, ‘अरे दत्त्या, छत्री राहिली तुझी!’ तासभर सांभाळलेला ‘आपण’ छत्रीपायी गळून पडतो. भांडणात कोणी एकेरीवर आले की अपमान होतो; इथे एकेरीवर आल्याने दत्ताला हवे होते ते मिळते. सगळा भार ‘अरे’, ‘दत्त्या’ आणि ‘तुझी’ या तीन शब्दांवर आहे, आणि ‘तुझी’चा ‘युअर’ केला की त्यात काहीच उरत नाही. सुदैवाने आधीच्या एका परिच्छेदात गुरुजींना हजेरी आठवते, तिथे ‘दत्त्या’ आहे. पहिल्या मसुद्यात सोपे व्हावे म्हणून मी तिथे ‘दत्ता’ करून ठेवले होते. आज ते परत ‘दत्त्या’ केले, म्हणजे वाचकाच्या कानात वर्गातली ती हाक आधीच असेल आणि शेवटी ती साहेबाच्या जागी येईल.

‘युअर’ काढूनच टाकला. आता गुरुजी नुसते ओरडतात, ‘दत्त्या! अम्ब्रेला!’ बाईंनी समासात ‘हे तुटक वाटते’ असे लिहिले, तर उद्या फोन करून त्यांना सांगेन की त्याच्या आधीची दोन पाने त्यासाठीच लांबलचक आहेत.