बारा कलमे आणि एक हक्कसोडपत्र

लघुपटाची माझी संहिता 22 पानांची होती. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा हिशोब आमच्याकडे धरतात. त्या 22 पानांत सहा ठिकाणे होती, अकरा पात्रे होती आणि बालपणाचा, पावसातला एक प्रसंग होता. पाच दिवसांचे चित्रीकरण आणि चोवीस माणसांचा चमू ठरलेला होता. चित्रीकरणाला नऊ दिवस उरले असताना पैसे लावणाऱ्याने हात आखडता घेतला. त्या दिवशी आम्ही गुहागर तालुक्यातल्या एका कौलारू घरात ठिकाणाची पाहणी करत होतो. दिग्दर्शिकेने फोन ठेवला आणि उरलेल्या रकमेचा हिशोब ओटीवरच मांडला: दोन दिवस, पाच माणसे, आणि हे एकच घर. संध्याकाळपर्यंत नवी संहिता हातात हवी, असे तिने मला सांगितले.

गोष्ट साधी होती. वडील गेल्यानंतर भाऊ मुंबईहून गावी येतो, कारण घर आणि आंब्याची कलमे एकट्याच्या नावावर व्हावीत म्हणून त्याला बहिणीकडून हक्कसोडपत्र हवे असते. मूळ संहितेत तो आधी बँकेत जातो, मग तलाठ्याकडे, मग घरी, आणि शेवटी दोघे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जातात, कारण असे पत्र नोंदवावे लागते. तिथे अंगठ्याचा ठसा घेण्याच्या यंत्रावर टेकत आलेला हात बहीण मागे घेते. ते दृश्य मला फार आवडत होते, आणि तेच सर्वांत महाग होते.

पहिल्या दोन तासांत मी बहुधा प्रत्येक लेखक करतो तीच चूक केली. ठिकाणे काढली आणि तिथे घडणारे सगळे माणसांच्या तोंडी घातले. बँकेतला प्रसंग भावाच्या चार वाक्यांत आला, तलाठ्याचा तीन वाक्यांत, आणि राहिलेली भर फोनवरच्या तीन संभाषणांनी घातली. पाने तेरा झाली, म्हणून मी खूश होतो. दोन्ही कलाकार पाहणीला आलेलेच होते. त्यांनी पडवीत बसून वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्याच पानावर अभिनेत्रीने विचारले, ‘‘हे तिला माहीत आहे, तर तो तिला का सांगतोय?’’ मी कागद चाळले, तर ‘तुला माहीतच आहे’ हे शब्द तीन ठिकाणी सापडले. एका पात्राला जे ठाऊक आहे तेच दुसरे पात्र त्याला ऐकवू लागले, की कापलेला प्रसंग कापला गेलेला नसतो. तो फक्त उभा राहायचा तो बसून बोलू लागलेला असतो.

म्हणून प्रत्येक गाळलेल्या प्रसंगापुढे मी एकच प्रश्न लिहिला: याच्यामुळे बहिणीच्या निर्णयात नेमके काय बदलते? तलाठ्याच्या प्रसंगाचे उत्तर ‘काही नाही’ असे आले. तो मी केवळ गंमतीसाठी लिहिला होता आणि सातबाऱ्यावरचे दोन विनोद मला सोडवत नव्हते. तो सरळ काढला. बँकेच्या प्रसंगाचे मात्र उत्तर होते, कारण भाऊ लोभी नसून अडचणीत आहे हे बहिणीला कळले नाही, तर तिचा नकार फारच सोपा होतो. तिथे मी फोन ठेवला, पण एकच. फोन चार वेळा वाजतो आणि भाऊ तो दर वेळी पालथा घालतो. पाचव्यांदा चहा घेऊन आलेली बहीण म्हणते, ‘‘घे की.’’ तो पडवीत जातो, आणि आपल्याला फक्त ‘‘सोमवारपर्यंत... हो, सोमवारी नक्की,’’ एवढेच ऐकू येते. पलीकडचा आवाज लागत नाही, बँक लागत नाही, कर्जाचा आकडाही लागत नाही. आधी हेसुद्धा मी गाळले होते, तेव्हा दुसऱ्या वाचनात भाऊ निव्वळ खलनायक वाटू लागला. ते अर्धे पान परत द्यावेच लागले.

खरी अडचण बालपणाच्या प्रसंगाची होती. दोन मुले, पाण्याचा टँकर, भर पावसात वडिलांबरोबर कलम लावणारी मुलगी, अशी ती दोन पाने होती, आणि बहिणीचा या जमिनीशी असलेला सगळा जीव त्यांत होता. मी ओटीवर बसून हक्कसोडपत्राचा मजकूर पुन्हा वाचत होतो. त्यात मिळकतीचे वर्णन येते: घर, विहीर, आंब्याची बारा कलमे. तिथेच वाट सापडली. भाऊ मसुदा पुढे करतो आणि म्हणतो, ‘‘एकदा वाचून घे, उद्या सही आहे.’’ ती चष्मा लावून वाचते, बोट ठेवते आणि म्हणते, ‘‘बारा नाही, तेरा.’’ भाऊ म्हणतो, ‘‘बाराच आहेत, मी मोजलीत.’’ ती म्हणते, ‘‘विहिरीमागचं तू मोजलं नसशील. ते मी लावलंय.’’ दोन पानांचा पाऊस चार वाक्यांत आला, आणि ठसा घेण्याच्या यंत्राचीही गरज उरली नाही. निर्णय आता कार्यालयात न होता इथेच, त्या आकड्यावर बोट टेकताना होतो. शेवट एवढाच ठेवला, की दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून रिक्षाचा हॉर्न वाजतो आणि ती चुलीवरच्या भाताचे झाकण काढून बघते.

मात्र पाच माणसांचा चमू असला की लेखकाने कॅमेऱ्यामागच्या अडचणीही पानावरच सोडवाव्या लागतात. माझा मधला भाग रात्रीचा होता. छायाचित्रकाराने वर बोट दाखवले: छपरात चार काचेची कौले होती आणि नळ्यांच्या फटींतून ऊन गळत होते. दिवसा रात्र भासवायची, तर छपरावर काळे कापड अंथरायला एक माणूस आणि अर्धा दिवस जाणार होता, आणि तो जादा माणूस आमच्याकडे नव्हता. म्हणून गोष्ट दुपारी दोन ते सूर्यास्त अशी आणली, शेवटचा सकाळचा तुकडा तेवढा वेगळा ठेवला. त्याचा अनपेक्षित फायदा असा झाला, की दोघांना एकच कपडे पुरणार होते आणि कपडे-दागिन्यांचा मेळ ठेवायला वेगळा माणूस लागणार नव्हता. उन्हाची गरज असलेली दृश्ये पडवीत दुपारनंतर घ्यायची, आणि सकाळी माजघरातली घ्यायची, कारण माजघर दिवसभर सारखेच अंधारे असते. तिथे एक एलईडी दिवा पुरतो. ध्वनिमुद्रकाकडे एकच बूम माइक होता, त्यामुळे बोलता बोलता एका खोलीतून दुसरीत जाणे मी सगळीकडून काढून टाकले. यामुळे एक छान भांडण सपाट झाले, हे मान्य करतो. स्वयंपाकघरातून पडवीपर्यंत पोचणारा बहिणीचा आवाज मला अजूनही हवा आहे.

साडेपाचला अकरा पाने झाली. शेवटचे वाचन सुरू असताना घरमालकीण आजी सुपारी कातरत दारात बसल्या होत्या. ‘‘बारा नाही, तेरा’’ हे वाक्य आले आणि त्यांनी अडकित्ता थांबवला. ‘‘अहो, त्या खिडकीतून आठच दिसतात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘विहिरीमागचं धरून.’’

छायाचित्रकार खिडकीशी गेला आणि मोजून आला. मी पेन काढले, मसुद्यात ‘सात’ केले आणि संवादात ‘सात नाही, आठ’.