तिळगूळ कोणत्या अक्षरांत पाठवू?

"ताई, संक्रांतीचा मेसेज सासरच्या मोठ्यांना मराठीत टाइप करू की इंग्लिश अक्षरांत? इंग्लिशमध्ये पटकन होतं, पण त्यांना ते कसं वाटेल?"

मराठी शाळेत शिकलेल्यांना देवनागरीतच पाठव. मुलुंडला ज्येष्ठांच्या कट्ट्यावर मी फोन वापरायला शिकवते. तिथे शेजारी बसून त्यांना मेसेज वाचताना पाहते, म्हणून एवढं ठामपणे सांगते.

`Tilgul ghya, god god bola` हेच वाक्य घे. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, इंग्लिश पेपर रोज वाचतात. त्यांची नजर `god` वर आली की ते आधी 'गॉड' वाचतात आणि मग मागे येतात. मराठी सातवीपर्यंत शिकलेल्या एक आजी आहेत. त्यांना ए-बी-सी-डी येते, पण त्या एकेक अक्षर लावतात: ति, ल, गु, ल. ओठ हलत असतात, बोट पडद्यावर सरकत असतं. वाक्य पाठ असल्यामुळे शेवटी लागतं आणि त्या हसतात.

खरी अडचण येते ती पाठ नसलेल्या वाक्याला. त्याच शुभेच्छेखाली नातवाने लिहिलं होतं, `Kalji ghya, vel milala ki yeto`. आजींनी वाचलं, 'कालजी घ्या, वेल मिलाला'. ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त, ड आणि द, सगळ्यांना रोमनमध्ये एकच अक्षर. आपण मनात उच्चार धरून लिहितो, म्हणून आपल्याला ते सरळ दिसतं. वाचणाऱ्याला मात्र प्रत्येक ठिकाणी अंदाज बांधावा लागतो. आजींनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तूच वाच गं." नातवाने फक्त त्यांच्यासाठी लिहिलेली ओळ तेवढी दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागली, याचं मला फार वाईट वाटतं.

रोमनमधला मेसेज आला म्हणून कुणी रागावत नाही. "घाईत असेल बिचारी," म्हणतात आणि पुढे जातात. देवनागरीतला आला की चष्मा नीट करून पुन्हा वाचतात, शेजारच्याला वाचून दाखवतात. 'सा. न. वि. वि.' लिहून अंतर्देशीय पत्रं पाठवलेली ही माणसं आहेत. देवनागरीतल्या चार ओळी त्यांच्या लेखी पत्रच.

रोमनची सवय आपल्याला लागली त्याला कारणही होतं. जुन्या फोनवर मराठी उमटायचीच नाही. उमटली तरी एका एसेमेसमध्ये रोमन अक्षरं 160 मावायची आणि देवनागरी 70, त्यातही काना-मात्रा वेगळी मोजली जायची. व्हॉट्सॲपवर ती अडचण उरलेली नाही.

वेळेचं म्हणशील, तर फोनमध्ये मराठी कीबोर्ड जोडून घे. `tilgul` असं रोमनमध्ये टाइप केलं की मराठी शब्द उमटवणारा प्रकारही त्यात मिळतो. फक्त पहिला आलेला शब्द डोळे मिटून घेऊ नकोस. 'तिलगुल' आला तर वरच्या पट्टीत 'तिळगूळ' आहे का बघ, त्यावर बोट ठेव. आणि हिंदी कीबोर्डवर काम भागवू नकोस. त्यावर 'साऱ्यांना' लिहायला गेलं की बहुतेक वेळा 'सार्यांना' होतं, र डोक्यावर चढून बसतो. सासरी कुणी निवृत्त शिक्षक असतील तर त्यांना ते आधी दिसणार. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ उघडं पडतं, या भीतीने पुष्कळ जण रोमनकडे वळतात हे मला माहीत आहे. पण चुकलेली वेलांटी मोठी माणसं सहज सुधारून वाचतात, आणि सून मराठीत लिहितेय याचंच त्यांना अप्रूप असतं.

मुंबईत मात्र मोठं माणूस म्हणजे मराठी वाचणारंच असं धरून चालू नकोस. वांद्र्याच्या गावठाणातल्या ईस्ट इंडियन मावशी घरात मराठी बोलतील, पण शाळा इंग्लिश असेल तर त्यांना रोमनच सोपं. गिरगावातले गुजराती शाळेत शिकलेले शेजारी मराठी फर्डं बोलतात, पण लांब देवनागरी मजकुरापेक्षा त्यांना फोन केलेला बरा. कोण काय वाचतं हे कळायला त्यांनी आधी पाठवलेले मेसेज वर जाऊन बघ. ते ज्या लिपीत उत्तर देतात त्याच लिपीत लिही. नुसते हात जोडल्याचं चित्र पाठवत असतील, तर नवऱ्याला विचार, घरात पेपर कोणता येतो.

गावाकडच्या एखाद्या आत्यांकडे अजून बटणांचा जुना फोन असेल, तर तिथे मराठी अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसू शकतात. त्यांना संक्रांतीला सकाळी फोनच कर.