मतदानाच्या नियमातील दुरुस्तीचा मसुदा तयार करताना

आमच्या न्यासाच्या नियमावलीत मतदानाविषयी एकच वाक्य होते: ‘चालू वर्षाची वर्गणी भरलेल्या सर्व सभासदांना सर्वसाधारण सभेत मतदानाचा अधिकार राहील.’ बरीच वर्षे त्यावर कोणी बोट ठेवले नाही, कारण निवडणूक बिनविरोधच होत असे. मागच्या निवडणुकीत मात्र सभेच्या आदल्या आठवड्यात प्रवेशअर्जांचा आणि वर्गणीच्या रकमांचा ढीग कार्यालयात येऊन पडला, कार्यकारी मंडळाने सभेच्या आदल्या संध्याकाळी ते सगळे अर्ज मंजूर केले आणि दोन जागांचा निकाल याच नव्या मतांवर फिरला. नियमाचा भंग कोठेच झालेला नव्हता, आणि नेमकी अडचण तीच होती. पुढील सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यासाठी दुरुस्तीचा मसुदा तयार करण्याचे काम कार्यवाहांनी माझ्याकडे सोपवले.

सभासदांकडून आलेल्या बहुतेक सूचनांचा आशय एकच होता: ‘किमान एक वर्ष सभासद असलेल्यांनाच मत द्यावे.’ ऐकायला हे सोपे वाटते. पण ते वर्ष कोणत्या दिवसापासून मोजायचे, याचे उत्तर सूचना करणाऱ्यांपैकी कोणाकडेही नव्हते. अर्ज दिल्याच्या दिवसापासून, वर्गणी भरल्याच्या दिवसापासून की मंडळाने प्रवेश मंजूर केल्याच्या दिवसापासून? कायद्याची मसुदापुस्तके चाळण्यापेक्षा मी प्रत्यक्ष घडू शकणारी एक अडचण समोर ठेवली. एखाद्याने जुलैमध्ये अर्ज आणि वर्गणी दिली, परंतु मंडळाची बैठकच नोव्हेंबरमध्ये झाली. मंजुरीपासून वर्ष मोजले, तर पुढच्या सप्टेंबरच्या निवडणुकीत त्याला मत नाही. म्हणजे न आवडणारे अर्ज नुसते फायलीत ठेवून मतदार निवडण्याची सोय सत्तेवर असलेल्या मंडळाला आपण नियमानेच करून देणार. उलट केवळ अर्जाच्या तारखेला अधिकार जोडला, तर ज्याचा प्रवेश अजून मंजूरच झालेला नाही तोही मत मागेल. म्हणून कालावधी अर्ज व वर्गणी कार्यालयात पोहोचल्यापासून मोजायचा, मंजुरी मात्र यादी होण्यापूर्वी मिळालेली हवी, आणि मंडळाने अर्जावर साठ दिवसांत निर्णय देऊन नकार असल्यास कारणे लेखी कळवायची, अशी तिहेरी रचना केली.

त्यानंतर वर्गणीच्या थकबाकीचा प्रश्न आला. आमची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालीही नोंदलेली असल्यामुळे त्या अधिनियमाचे कलम १५ आम्हाला लागू आहे: तीन महिन्यांहून अधिक काळ वर्गणी थकलेल्या व्यक्तीला त्या अधिनियमाखालील कार्यवाहीत मतदानाचा अधिकार नाही आणि तिची गणना सभासदांत होत नाही. आमच्या नियमावलीत मात्र वर्गणी कोणत्या तारखेपर्यंत भरायची हेच लिहिलेले नव्हते, आणि देय तारीख नसेल तर तीन महिने मोजणार कोठून? म्हणून सर्वांत आधी वार्षिक वर्गणी दर वर्षी ३० एप्रिलपर्यंत देय राहील, असे एक छोटे वाक्य घातले. मसुद्यातील सर्वांत कमी चर्चेचे आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी वाक्य तेच.

पहिल्या मसुद्यात मी ३१ जुलै हा अर्हता दिनांक ठेवून दोन्ही अटी त्याच दिवसाला बांधल्या होत्या: त्या दिवशी बारा महिने पूर्ण झालेले असावेत आणि त्या दिवशी बाकी शून्य असावी. मसुदा वाचायला दिल्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, “अहो, वीस वर्षे सभासद असलेला माणूस पाच ऑगस्टला वर्गणी भरायला आला, तर त्याचे मत घालवणार का तुम्ही?” प्रश्न अगदी रास्त होता. आम्हाला थोपवायची होती ती ऐनवेळची भरती. विसराळू जुन्या सभासदाला शिक्षा करणे हा हेतू कधीच नव्हता. दोन वेगळ्या दुखण्यांसाठी एकच तारीख वापरली की एकाचे औषध दुसऱ्याला बाधते. म्हणून सभासदत्वाचा काळ ३१ जुलैला मोजायचा आणि थकबाकी मात्र प्रारूप मतदार यादीवरील हरकतींची मुदत संपेपर्यंत भरता येईल, असे दोन भाग केले. सभेच्या दारात रोख रक्कम घेऊन पावती फाडण्याची पद्धतही त्यामुळे आपोआप बंद होते.

शेवटी मसुदा असा उभा राहिला:

‘नियम ११ (१) वार्षिक वर्गणी दर वर्षी ३० एप्रिलपर्यंत देय राहील. (२) कार्यकारी मंडळाच्या निवडणुकीत व नियमावलीतील दुरुस्तीवर मत देण्याचा अधिकार अशाच सभासदास राहील, ज्याचा प्रवेशअर्ज व पहिली वर्गणी संस्थेच्या कार्यालयात पोहोचून त्या वर्षीच्या ३१ जुलै रोजी किमान बारा महिने पूर्ण झाले आहेत, ज्याचा प्रवेश प्रारूप मतदार यादी प्रसिद्ध होण्यापूर्वी मंजूर झालेला आहे आणि ज्याच्याकडे हरकतींच्या शेवटच्या दिवशी कोणतीही देय वर्गणी बाकी नाही. (३) अन्य सर्व विषयांवर थकबाकी नसलेल्या प्रत्येक सभासदास मत देता येईल. (४) प्रारूप मतदार यादी सभेपूर्वी तीस दिवस प्रसिद्ध करण्यात येईल, तीवर दहा दिवसांत लेखी हरकत घेता येईल आणि अंतिम यादी सभेपूर्वी दहा दिवस प्रसिद्ध करण्यात येईल.’

अर्ज मंजुरीच्या साठ दिवसांचे कलम सभासदत्वाच्या नियमात स्वतंत्रपणे घातले, कारण ते मतदानाच्या नियमात दडवले तर कार्यालयातील माणूस ते शोधणार नाही. आजीव सभासदांसाठी वेगळी तरतूद करावी असा आग्रह होता. परंतु ‘कोणतीही देय वर्गणी बाकी नाही’ या शब्दांत तेही बसतात, कारण त्यांच्याकडून दरवर्षी काही देयच नसते. प्रत्येक वर्गासाठी वेगळे वाक्य लिहू लागलो, तर ज्याचा उल्लेख राहून जातो त्याचा अधिकार वादात सापडतो.

सर्वांत नाजूक भाग होता तो ही दुरुस्ती लागू कधीपासून करायची याचा. जे नुकतेच सभासद झाले आहेत, त्यांनाही या सभेत जुन्या नियमाप्रमाणे मत आहे. म्हणजे ज्यांचे मत काही काळ थांबणार, तेच या ठरावावर मत देणार होते. आधीच सभासद असलेल्यांना बारा महिन्यांच्या अटीतून वगळावे, हे न्यायाचेही होते आणि ठराव संमत होण्याच्या दृष्टीने शहाणपणाचेही. ‘ही दुरुस्ती संमत होण्यापूर्वी सभासद झालेल्यांना अट लागू नाही’ असे मात्र लिहिता येत नव्हते, कारण सूचना निघाल्यापासून सभा होईपर्यंतच्या मधल्या दिवसांत पुन्हा तीच भरती झाली असती. म्हणून ‘या सभेची सूचना ज्या दिनांकास निघाली त्या दिनांकापूर्वी ज्यांचा अर्ज व वर्गणी कार्यालयात पोहोचली आहे’ असे शब्द घातले आणि सूचना निघाली त्या दिवशी आवक नोंदवहीतील शेवटच्या नोंदीखाली अध्यक्ष व कार्यवाह यांच्या सह्या घेतल्या.

ठराव किती मतांनी संमत व्हावा, यावरही सभेआधीच वाद झाला. एका सभासदाने अधिनियमाचे कलम १२ पुढे केले, ज्यात तीन-पंचमांश मते आणि एक महिन्याच्या अंतराने दुसरी सभा अशी अट आहे. परंतु ते कलम संस्थेच्या उद्देशांतील बदलासाठी व विलीनीकरणासाठी आहे, मतदानाच्या नियमासाठी नाही, हे आमच्या वकिलांनी लेखी कळवले. आमच्या नियमावलीत ‘दोन-तृतीयांश बहुमताने’ एवढेच होते; कोणाच्या दोन-तृतीयांश हे तिने सांगितलेले नव्हते. सभासद ४१२, एकूण सभासदांचे धरले तर २७५ मते लागतात, आणि एवढी माणसे आमच्या सभेला कधी येतच नाहीत. समजा ९६ जण उपस्थित आहेत आणि त्यांपैकी ६ जण तटस्थ राहिले, तर उपस्थितांच्या हिशेबाने ६४ मते हवीत आणि मत देणाऱ्यांच्या हिशेबाने ६० पुरतात. म्हणजे ६१ मते पडली तर ठराव एका हिशेबाने संमत आणि दुसऱ्याने नामंजूर. मागील इतिवृत्ते काढून पाहिली, तेव्हा पूर्वीच्या दुरुस्त्यांत उपस्थितांचेच प्रमाण धरलेले दिसले. अध्यक्षांनी तोच हिशेब सभेच्या आरंभी, मतदानाच्या बऱ्याच आधी, जाहीर करून इतिवृत्तात नोंदवला. हा शब्द कायमचा स्पष्ट करण्यासाठी स्वतंत्र ठराव ठेवला. तो याच दुरुस्तीत घुसडला असता, तर एकाला विरोध असणाऱ्याने दोन्ही पाडले असते.

सूचनेत ‘नियम ११ मध्ये दुरुस्ती करणे’ असा मोघम विषय न देता जुना मजकूर डावीकडे, नवा उजवीकडे आणि खाली प्रत्येक बदलाचे कारण दोन ओळींत, असा संपूर्ण मसुदा छापला. याचा खरा उपयोग सभेत उपसूचना आल्या तेव्हा झाला. बारा महिन्यांऐवजी सहा महिने करावे, ही उपसूचना अध्यक्षांनी घेतली; चोवीस महिने करावे, ही मात्र नाकारली. घरी राहिलेल्या सभासदाने बारा महिन्यांचा मजकूर वाचून ‘एवढे चालेल’ असे ठरवलेले असते. त्याच्या पाठीमागे अट त्याहून कडक करणे म्हणजे त्याला सूचनाच न देण्यासारखे आहे. सौम्य बदल सूचनेच्या कक्षेत राहतो, कडक बदल तिच्या बाहेर जातो. हा निर्णय काहींना पटला नाही आणि त्यांचा निषेध त्यांच्या शब्दांत नोंदवला गेला.

सहा महिन्यांची उपसूचना संमत झाली. मला व्यक्तिशः बारा महिनेच योग्य वाटत होते, पण ३१ जुलैपासून मागे सहा महिने मोजले तरी ऐन सभेपूर्वीची भरती थांबते. दुरुस्त मसुदा उपस्थित ९६ पैकी ७१ मतांनी संमत झाला. त्यानंतर सभेची सूचना, ती पाठवल्याचे पुरावे, हजेरीपत्रक, इतिवृत्ताचा उतारा आणि जुन्या-नव्या नियमांचा तक्ता जोडून, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ खालील ९० दिवसांची मुदत लक्षात घेऊन, वकिलांमार्फत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल केला. त्यावर आदेश येईपर्यंत नियमावलीची नवी प्रत छापायची नाही, असे मंडळाने ठरवले असून, तोवर कार्यालयातील जुन्या प्रतीला संमत ठरावाची प्रमाणित नक्कल जोडून ठेवली आहे.