पाच क्रेट दूध, पंचविसावी कोजागिरी

मंडळाच्या दूध समितीत यंदा चार नवी माणसं येत आहेत. दोघं कॉलेजात शिकणारी मुलं, एक काकू बी विंगमध्ये नुकत्याच राहायला आलेल्या, आणि एक आजोबा. आजोबांनी इतकी वर्षं कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून चांदणं आणि दूध दोन्ही घेतलं, आता कलथा हातात घ्यायचाय म्हणतात. चौघांचंही मनापासून स्वागत! करोनाची दोन वर्षं गच्चीला कुलूप होतं. ती सोडली तर समितीची ही पंचविसावी कोजागिरी आहे, आणि तुम्ही नेमके त्याच वर्षी येताय याचा आम्हा सगळ्यांना फार आनंद आहे.

पहिल्या कोजागिरीला एकच क्रेट होता, म्हणजे बारा लिटर. दोन रॉकेलचे स्टोव्ह, चार घरांतली पातेली आणि ज्याने त्याने घरून आणलेले स्टीलचे पेले. कळवा-पारसिकच्या बाजूने वर येणारा चंद्र तेव्हा साडेसातलाच गच्चीच्या कठड्यावर दिसायचा. सतरंज्यांवर भोंडल्याची गाणी, मग भेंड्या, दहानंतर पेंगुळलेली मुलं आयांच्या मांडीवर. आणि शेवटी पातेल्याच्या कडेला जमलेली खरवड खायला तीच मुलं डोळे चोळत उठायची. आज दूध साठ लिटर लागतं, गॅसची शेगडी आहे, माणसं २८० आहेत. खरवडीसाठी रांग मात्र तशीच लागते.

नव्या मंडळींसाठी हिशेब आधी सांगतो. फुल क्रीम दूध घ्यायचं, ज्यात सहा टक्के स्निग्धांश असतो. टोन्ड दुधात तीनच टक्के, ते कितीही आटवलं तरी जिभेवर पातळच लागतं. साठ लिटर दूध आटवून पन्नासवर आणायचं. त्यात पाच किलो साखर विरघळली की सुमारे त्रेपन्न लिटर भरतं. दीडशे मिलिलिटरचा पेला धरला तर साडेतीनशे पेले होतात. सांडलवंड आणि तळाचा गाळ वजा करून ३३० धरावेत. २८० माणसांना पुरून दुसऱ्या पेल्याला थोडं उरतं. याहून जास्त आटवायचा मोह दरवर्षी कुणाला तरी होतो. घरच्या दोन लिटरला ते शोभतं, इथे मात्र तास वाढतो, पेले कमी पडतात आणि दाट दूध तळाला लागायची भीती दुप्पट होते.

दूध एका मोठ्या पातेल्यात कधीच नाही, तीस-तीस लिटरच्या दोन पातेल्यांत ठेवायचं. यामागे साधी सावधगिरी आहे. एखादी पिशवी आंबट निघाली तर निम्मं दूध तरी हाताशी राहतं. आंबायला लागलेलं दूध थंड असताना वासाला आणि रंगाला अगदी चांगलं दिसतं. त्यातली वाढलेली आम्लता उकळी आल्यावरच कळते, आणि तोवर ते बाकीच्या एकोणतीस लिटरमध्ये मिसळलेलं असतं. म्हणून प्रत्येक क्रेटमधल्या एका पिशवीतलं पळीभर दूध छोट्या भांड्यात उकळून बघायचं. पळीच्या कडेला बारीक कण चिकटले किंवा हिरवट पाणी सुटू लागलं तर त्या क्रेटमधली प्रत्येक पिशवी वेगळी उकळून तपासायची. नासायला लागलेलं दूध खाण्याचा सोडा घालून वाचवायला जाऊ नये. फाटलेलं दूध परत जुळत नाही, वर सोड्याची चव मात्र येते. ऑक्टोबरच्या ठाण्यात संध्याकाळीही उकाडा असतो, त्यामुळे क्रेट डेअरीतून साडेसहाच्या आधी उचलायचे नाहीत आणि आणल्यावर गच्चीत पडू द्यायचे नाहीत.

आता आगीजवळचं काम. पातेली पंचेचाळीस लिटरची आहेत, म्हणजे तीस लिटर घातलं की दोन तृतीयांश भरतात. वरची जागा फेसाला हवी. दूध ओतण्याआधी पातेल्यात तांब्याभर पाणी फिरवून ते तळाशी थोडं राहू द्यायचं, मग दूध. दुधातली प्रथिनं गरम तळाला जाऊन चिकटतात आणि तिथेच करपतात. पाण्याचा ओला थर सुरुवातीची काही मिनिटं ती अडवतो, पुढे सगळी जबाबदारी कलथ्याची. गोल डाव चालत नाही. सपाट तोंडाचा, लांब दांड्याचा कलथा तळाला टेकवून कडेपासून मधे आणि मधून कडेला ओढत राहायचं. ढवळणाऱ्याने पातेलं सोडायचं नाही. पाणी प्यायचं असेल तर आधी कलथा दुसऱ्याच्या हातात द्यायचा, मग निघायचं. पंचवीस वर्षांत समितीने हा एकच नियम कुणासाठीही सैल केलेला नाही.

लागायला लागलंय हे नाकाच्या आधी हाताला कळतं. गुळगुळीत तळावर सरकणारा कलथा एका जागी अडखळतो, खरबरीत लागतो. त्या क्षणी बहुतेक जण घाबरून तीच जागा जोरात खरवडतात, आणि तिथेच दूध बिघडतं. करपलेला थर सुटून सगळीकडे तपकिरी ठिपके होतात आणि धुरकट वास दुधात उतरतो. योग्य उपाय म्हणजे गॅस बंद करायचा, तळाला हात न लावता वरचं दूध दुसऱ्या भांड्यात अलगद काढून घ्यायचं आणि तळातलं चारेक लिटर सोडून द्यायचं. चार लिटर गेल्याची हळहळ वाटते, पण सव्वीस लिटर वाचतं. त्यासाठी एक रिकामं पातेलं कायम शेगडीच्या बाजूला घासून ठेवलेलं असतं. ते रिकामं दिसतंय म्हणून त्यात चटणी किंवा पेले ठेवू नका, ही भेळेच्या चमूला खास विनंती.

पावणेसातला शेगडी पेटली की पाऊण ते एका तासात उकळी येते. मग आच कमी करून सव्वा ते दीड तास आटवायचं. किती आटलं हे नजरेने ठरवायचं नाही. समितीकडे एक मापाची काठी आहे: रिकाम्या पातेल्यात पंचवीस लिटर पाणी भरून, ते जिथवर आलं तिथे खाच केलेली. दूध त्या खाचेशी आलं की थांबायचं. साखर या टप्प्यानंतरच घालायची, कारण साखर पडलेलं दूध तळाला फार लवकर धरतं. त्याआधी तीन लिटर दूध किटलीत वेगळं काढायचं, ते मधुमेह असलेल्या मंडळींसाठी. किटलीच्या कानाला हिरवी फीत बांधलेली आहे.

मसाला काकूंच्या हाती देतोय, कारण त्यांची चव पक्की आहे हे गणपतीतल्या मोदकांनी सांगितलंच आहे. बदाम सहाशे ग्रॅम, पिस्ते आणि काजू तीन-तीनशे, चारोळी दोनशे, वेलदोड्याची पूड साठ ग्रॅम, दोन जायफळं आणि तीन ग्रॅम केशर. सुकामेवा मिक्सरमध्ये सलग फिरवला तर तापून तेल सोडतो आणि गोळा होतो. थांबून थांबून फिरवावा, सोबत मापातल्याच साखरेतली मूठभर घालावी, म्हणजे पूड मोकळी राहते. चारोळी अख्खीच ठेवायची. केशर चुरून वाटीभर गरम दुधात वीस मिनिटं आधी भिजवलं नाही तर पैसे गेले आणि रंग आला नाही असं होतं. जायफळाच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. तिसरं जायफळ पडलं की आधी कडवटपणा येतो. हा सगळा मसाला शेवटच्या दहा मिनिटांतच घालायचा.

पूड जड असल्यामुळे तळाशी बसते, हे वाढणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. वरवरचं दूध वाढत गेलं तर पहिल्या शंभर पेल्यांत नुसतं गोड दूध आणि शेवटच्या पन्नासांत खीर, असा अन्याय होतो. प्रत्येक वेळी डाव तळापासून वर आणायचा. दोन्ही कॉलेजकुमारांना वाढपाला ठेवलंय ते याच कामासाठी, खांद्याला रग लागते.

चंद्राचं गणित तेवढं बदललं आहे. पूर्वेच्या इमारतीचा पुनर्विकास झाला आणि ती आपल्या गच्चीहून तीस मीटर उंच गेली. अंतर साधारण पस्तीस मीटर, म्हणजे चंद्र चाळीस अंश वर आल्याशिवाय दिसणार नाही. तो तासाला सुमारे चौदा अंश चढतो. सूर्य मावळताना उगवलेल्या पौर्णिमेच्या चंद्राला तिथवर यायला जवळजवळ तीन तास लागतात. त्यामुळे नैवेद्य सव्वानऊला. पूर्ण डोक्यावर तो बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास येतो, कारण आपलं घड्याळ ज्या रेखांशावर चालतं तो ठाण्याच्या बराच पूर्वेला आहे. दहाला माईक बंद झाल्यावर जे भेंड्या खेळत थांबतात, त्यांनाच तो दिसतो.

चांदण्यात ठेवायचं ते चांदीच्या वाटीतलं दूध, सगळं पातेलं नव्हे. उघडं पातेलं कोमट होत तासन् तास ठेवलं तर ते बिघडतं, आणि ऑक्टोबरात दिव्यावर झेपावणारे किडे त्यात पडतात. पातेल्यावर ओलं मलमल, वरचा दिवा बंद, खाली बारीक आच, हाताला चटका बसेल इतकं गरम. वाटीतल्या दुधात चंद्राचं बिंब पाहायला मुलांची झुंबड उडते. एकेकाला सावकाश पाहू द्यावं. त्याच वेळी प्रत्येक घरातल्या थोरल्या मुलाचं किंवा मुलीचं औक्षण होतं. यंदा त्याच तबकातून नव्या चार सहकाऱ्यांनाही ओवाळायचं ठरलं आहे. ते थोरले नसले तरी समितीच्या घरातले आहेत. आजोबांना सर्वांत आधी.

पाऊस आला तर? मान्सून मुंबई-ठाण्यातून परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. तिथी त्याच्या आसपास आली की एखादी सर धरून चालावं. शेगडी जिन्याच्या बंद जागेत न्यायची नाही, पार्किंगच्या उघड्या बाजूला पत्र्याचा आडोसा उभा करायचा. पत्रे आणि बांबू पंपरूमच्या मागे आहेत.

सगळ्यांनी सव्वासहाला पंपरूमपाशी जमावं. सिलिंडरची नळी साबणाच्या पाण्याने तपासून झाली आहे, खाचेची काठी धुऊन वाळत घातली आहे, आणि कलथे या वेळी चार जास्त आणलेत.