नऊ लाट्या कुठं गेल्या?

आई माझ्या लेकीला पापड लाटायला शिकवत होती, तेव्हा मी एक फोटो काढला. धाकट्या भावाला नागपूरला पापडांचा डबा पाठवायचा होता. त्यात हा फोटो छापून ठेवायचा आणि खाली एक ओळ लिहायची, एवढंच ठरलं होतं. पापड दीड दिवसात झाले. ती ओळ लिहायला मला चार दिवस लागले, आणि ते चार दिवस कसे गेले ते सांगते.

आधी फोटोत काय आहे ते सांगायला हवं. मंगळवार पेठेतल्या आमच्या घराची मधली खोली, चैत्रातली दुपार. पंखा बंद, कारण वाऱ्यानं लाट्या वरून सुकतात आणि मग लाटताना कडेला चिरतात. लेक पोळपाटावर वाकली आहे. तिच्यासमोर आई बसली आहे, आणि आईचे दोन्ही हात लेकीच्या हातांच्या वर वीतभर अंतरावर थांबले आहेत. टेकलेले नाहीत, मागंही घेतलेले नाहीत. लेकीचा उजवा गाल फुगलेला आहे. बाजूला ताटात ओल्या फडक्याखाली लाट्या आहेत.

आई पापडाचं पीठ नेहमी नजरेनं घालते. यंदा लेक वहीत लिहून घेणार म्हणून तिनं प्रथमच वजनकाटा काढला. अर्धा किलो उडदाच्या डाळीचं पीठ, २० ग्रॅम पापडखार, मीठ, चमचाभर हिंग आणि जाडसर कुटलेली मिरी. खार आणि मीठ पाण्यात उकळून, गाळून, गार करून मगच पिठात घालायचं. खार जास्त पडला तर पापड तळल्यावर लालसर होतो आणि जिभेला साबणासारखा लागतो, म्हणून हे माप आई दुसऱ्या कोणालाही अंदाजानं घेऊ देत नाही. पीठ रात्री घट्ट मळून झाकून ठेवलं, सकाळी तेलाचा हात लावून पाट्यावर वरवंट्यानं कुटलं. कुटता कुटता पिठाचा रंग उजळतो. चिमूटभर ओढलं की तुटायच्या ऐवजी लांबतं, तेव्हा कुटणं थांबवायचं. मग त्याच्या अंगठ्याएवढ्या जाड वळ्या केल्या आणि दोऱ्यानं लाट्या कापल्या. लेकीनं मोजल्या, बरोबर ६०.

शिकवण्यातला खरा प्रश्न लाटण्याचा होता. चपाती लाटायची सवय असलेला हात लाटणं मधोमध टेकवतो. पापडात ते चालत नाही. लाटणं कोणत्याही बाजूनं फिरवलं तरी मध्यावरून जातंच, त्यामुळं मध्य आपोआप पातळ होतो आणि कड जाड राहते. भाजताना मग मध्य फुलतो, करपायला लागतो, आणि कड पांढरी कच्ची राहते. म्हणून जोर कडेला द्यायचा आणि पापड थोडा थोडा फिरवत जायचं.

पहिला अर्धा तास आईनं लेकीचे हात आपल्या हातात धरून लाटून घेतलं. तेव्हाचे सगळे पापड सुरेख आले. हात सोडल्यावरचा पहिला पापड आईनं दाराच्या उजेडात धरला. मधून तिची बोटं दिसत होती आणि कडेनं काळं कडं दिसत होतं.

"हा पापड न्हाई बाळ," आई म्हणाली, "हे पायताण झालंय. ह्याला फकस्त अंगठा लावायचा राहिलाय."

लेक इतकी हसली की लाटणं घरंगळत माझ्या पायाशी आलं. आई मात्र त्या पापडाकडं बघत बसली. मग म्हणाली, "चूक माझीच. मीच लाटत हुतो, तू नुसती हात धरून बसलीस. आता हात लावत न्हाई मी. कडंकडंनं लाट, मी हितं बसून बघतो." आणि ती खरोखर हात वर धरून बसली. मी फोटो काढला तो त्यानंतरच्या पाच-दहा मिनिटांत.

आता ओळ. पहिल्या रात्री लिहिलं, "परंपरेचा वारसा, एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे." लिहून झाल्यावर मनात ती ओळ दुसऱ्या फोटोंखाली ठेवून बघितली. लेझीम खेळणाऱ्या मुलांखाली बसत होती, शेजाऱ्यांच्या तालमीतल्या फोटोखालीही बसत होती. जी ओळ कुठंही बसते ती ह्या दोघींची नव्हती, म्हणून खोडली.

दुसऱ्या दिवशी लिहिलं, "आज्जी नातीला पापड लाटायला शिकवताना." हे खरं होतं, पण ते फोटोत दिसतच होतं. भावाला डोळे आहेत. त्याला जे दिसणार नाही ते मी सांगायला हवं होतं.

मग मला आईचा विनोद आठवला आणि मी लिहिलं, "पापड लाटायला बसली, पायताण करून उठली!" मला वाटलं जमलं. संध्याकाळी लेकीला वाचून दाखवलं. ती हसली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "आई, मामा फक्त तेवढाच पापड बघणार. नंतरचे चांगले आलेत ते त्याला कळणारच नाही." तिचं म्हणणं मला पटलं. आज्जीच्या तोंडचं पायताण तिला गोड लागलं होतं, कारण लगेच आज्जीनं चूक स्वतःकडं घेतली होती आणि पुढचा पापड करायला बसवलं होतं. कागदावर मात्र पुढचा पापड नव्हता, नुसतं नाव ठेवणं उरलं होतं. घरात बोललेला विनोद बोलणाऱ्याच्या चेहऱ्यासकट ऐकला जातो, ओळीत तो चेहरा येत नाही. मी ती ओळ फाडून टाकली.

तिसऱ्या दिवशी पापड डब्यात भरायला घेतले. लाटल्यावर ते आधी जुन्या साडीवर सावलीत पसरले होते, मग थोडा वेळ कोवळं ऊन दाखवलं होतं. ओला पापड एकदम कडक उन्हात टाकला तर कडा वर वळतात आणि डब्यात भरताना मोडतात. भरताना मी मोजले. ५१ निघाले. पुन्हा मोजले, तरी ५१. एकही मोडला नव्हता, पोळपाटाला चिकटून वाया गेला नव्हता.

आणि मी फोटो पुन्हा हातात घेतला. लेकीचा उजवा गाल!

ज्यांच्या घरात पापड होतात त्यांना हे समजावून सांगायला नको. तेलात बुडवलेली कच्ची लाटी तोंडात टाकायची, ती दातांना चिकटते, मिरी घशात झणझणते, हिंगाचा वास नाकात चढतो. पापडापेक्षा लाटीच आवडते असं म्हणणारी माणसं आमच्या घरात निम्म्याहून जास्त आहेत, आणि भाऊ त्यांचा म्होरक्या आहे. लहानपणी तो पोळपाटाखाली लाट्या लपवायचा. त्याला ही ओळ लगेच कळणार होती.

मी लिहिलं, "नातीनं नऊ लाट्या खाल्ल्या, म्हणून साठातले एकावन्नच पापड झाले." ह्यात सगळं होतं, तरी वाचताना हसू येत नव्हतं. कारण लाटी खाल्ल्याची बातमी सुरुवातीलाच सांगून टाकली होती, मागं नुसती वजाबाकी उरत होती. भाऊ आधी फोटो बघणार, मग ओळ वाचणार, आणि ओळ वाचून झाल्यावर त्याची नजर परत फोटोतल्या गालाकडं जायला हवी. म्हणजे आकडे आधी यायला हवेत आणि लाट्या कुठं गेल्या ते ओळीनं सांगायलाच नको. ते गालानं सांगावं.

बदलून लिहिलं, "लाट्या ६०, पापड ५१. नऊ लाट्यांचं काय झालं ते हिला विचारू नका." ह्या वेळी लेकीला आधीच वाचून दाखवलं, परवानगीसाठी.

ती बोटांवर मोजू लागली. मग एकदम ताठ झाली. "आई, मी पाचच खाल्ल्या."

"नऊ कमी आहेत, बाळ."

"पाचच. देवाशप्पथ."

आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो. आई भांडी पुसत होती. मी विचारलं, "आई, लाट्या नऊ कमी आहेत. ही म्हणते हिनं पाच खाल्ल्या."

आईनं पातेलं पुसलं. तेच पातेलं पुन्हा पुसलं. मग पदर सावरत म्हणाली, "पिठाला मीठ बरोबर हाय का न्हाई, बघाय नको?"

"चार लाट्या खाऊन?"

"एकीनं कळत न्हाई."

लेकीनं आज्जीला जी मिठी मारली ती पातेल्यासकट. इतका वेळ आपण एकटीच चोरून खातोय असं तिला वाटत होतं, आणि समोर बसलेली आज्जी तोच उद्योग करत होती. मला फोटोतले ते वर धरलेले हात आठवले. तेलानं चमकत होते. लेकीचे हात सोडल्यापासून लाटताना तर तिनं हात लावलाच नव्हता.

त्या रात्री एकच शब्द बदलला. हिला काढलं, दोघींना घातलं. चौथ्या दिवशी सकाळी फोटोखाली काळ्या शाईनं लिहिलं:

"लाट्या ६०, पापड ५१. नऊ लाट्यांचं काय झालं ते दोघींना विचारू नका."

आईला वाचून दाखवलं. तिनं चष्मा लावून स्वतः एकदा वाचलं आणि म्हणाली, "माझं नाव न्हाई न्हवं कुठं? मग ऱ्हाऊ दे." लेकीनं सगळ्यात वर आपलं पायताण ठेवलं, स्वतः होऊन, आणि त्याच्याखाली तिचा शेवटचा पापड ठेवला, ज्याच्यातून कडेपर्यंत बोटं दिसत होती. डबा गेला.

आठवड्यानं भावाचा फोन आला. मी स्पीकर लावला. तो आधी बराच वेळ नुसता हसत होता. मग म्हणाला, "आई, तिचा गाल दिसतोय. तुझ्या वाट्याला किती आल्या ते सांग."

आई फोनच्या जवळ वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "ठेव फोन. गच्चीवर नाचणीचे वाळत घातलेत, कावळा आलाय."