नवरदेव सुटला, पण बाकी अजून छळतेय

मागच्या वेळी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की पोरांना भागाकारातली बाकी कळावी म्हणून रचलेलं वऱ्हाडाचं विनोदी उदाहरण जमलं. ते मागे घेतो. या रविवारी आमच्या सोसायटीतल्या सहा जणांच्या टोळीला (दोघं तिसरीत, चौघं चौथीत) चकल्यांचं साधं कार्ड दिलं. आजीने ४३ चकल्या तळल्या, एका पाकिटात ८ मावतात, तर विकायला भरलेली पाकिटं किती झाली? सहापैकी पाच जणांनी लिहिलं, ६. उरलेल्या एकाने लिहिलं, "६ आणि नवरदेव".

हसू आलं, पण दुखणंही कळलं. वऱ्हाडाने त्यांना विचार करायला नाही, 'एक वाढवून टाका' एवढंच शिकवलं होतं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडं मागचं. पहिल्या आवृत्तीत अकरा ओळी होत्या. मामाचं धोतर, बँडवाल्याची पिपाणी, सगळं ठासून भरलं होतं. पोरं धोतरापाशी लोळून हसली आणि म्हणाली, "पुढची गोष्ट सांगा." गणित कुणीच केलं नाही. विनोद प्रश्नाच्या आधीच संपत होता, मग पेन्सिल उचलायची कशाला? तेव्हापासून एक नियम पाळतोय: हसू उत्तरात दडलेलं हवं, गणित सोडवल्याशिवाय ते हाती लागता कामा नये.

म्हणून तिसरी आवृत्ती अशी केली. वऱ्हाडात ४३ माणसं, एका वडाप जीपमध्ये ८. मामा म्हणाले, "५ जीप बास." आधी आज्या बसल्या, मग पोरंसोरं, मग काका-काकू. सगळ्यात शेवटी ढोलवाला, करवला आणि नवरदेव. लग्नाला कोण पोचलं नाही? आणि सगळे पोचायला किती जीप हव्या होत्या?

आठ पंचे चाळीस, बाकी तीन. ते तीन कोण हे ज्याला भागाकार येतो त्यालाच कळतं. पहिल्या पोरीने बाकी काढली, यादी खालून मोजली आणि "अय्या, नवरदेवच राहिला!" असं ओरडली. बाकीच्यांनी भराभर वह्या उघडल्या. हा क्षण मी आठवडाभर चघळला.

या आवृत्तीतही दोन भोकं निघाली. एकाने विचारलं, "ड्रायव्हर धरून आठ की सोडून?" दुसरा म्हणाला, "आमच्या गावी वडापमध्ये चौदा बसतात, दोघं मागे लटकतात." दोघांचंही बरोबर होतं. आता कार्डावर ओळ आहे: 'जीप नवी कोरी होती. ड्रायव्हर म्हणाला, मला सोडून आठ. नववा चढला तर गाडी हलणार नाही.' ही ओळ गणितासाठी घातली होती, पण पोरं तिलाही हसतात. अटच विनोदी असली की ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता मूळ रडगाणं. बाकीचं काय करायचं हे भागाकार सांगत नाही, गोष्ट सांगते. अमेरिकेत १९८० च्या दशकात १३ वर्षांच्या मुलांना एका मोठ्या चाचणीत असंच उदाहरण दिलं होतं: ११२८ सैनिक, एका बसमध्ये ३६, बस किती लागतील? जवळपास तीस टक्के मुलांनी "३१ बाकी १२" लिहिलं. त्यांचा भागाकार अगदी बरोबर होता, फक्त बारा सैनिक रस्त्यावर उभे राहिले. आमची टोळी त्या खड्ड्यातून निघाली आणि शेजारच्या खड्ड्यात पडली, कारण मी एकाच जातीची उदाहरणं दिली. जीप, मग होडी, मग झोपाळा. सगळीकडे एक वाढवायचा. पोरं हुशार, त्यांनी गोष्ट वाचायचंच सोडून दिलं.

बाजारात मिळणाऱ्या सरावपुस्तिकांचा मला याच कारणासाठी राग येतो. पानाच्या डोक्यावरच 'भागाकाराची शाब्दिक उदाहरणे' छापलेलं असतं, मग वाचायचं काय राहिलं? मी पाठकोऱ्या कागदांची कार्डं करतो आणि पत्त्यांसारखी पिसतो. चौकटीची वही तेवढी विकत घ्या. उभ्या मांडणीत आकडे घसरत नाहीत, आणि चूक रीतीची आहे की अक्षराची ते लगेच दिसतं.

तर नवा बेत: ४३ आणि ८ हेच आकडे तीन कार्डांवर. जीपचं उत्तर ६, कारण माणूस मागे ठेवता येत नाही. चकल्यांचं ५, कारण अर्धवट पाकीट कुणी विकत घेत नाही. तिसऱ्यात उत्तर ३ यायला हवं, म्हणजे बाकी हेच उत्तर. पहिल्या दोन कार्डांचं ठरलं, तिसऱ्यावर अडलो. 'उरलेल्या चकल्या बंड्याने खाल्ल्या, किती?' हे लिहिलं आणि खोडलं. त्यात हसण्यासारखं काय आहे?

तेवढ्यात खालून आवाज आला. टोळी लपाछपीसाठी चकत होती. दहा-वीस-तीस-चाळीस-पन्नास-साठ-सत्तर-ऐंशी-नव्वद-शंभर! अरे, हा तर बाकीचाच खेळ आहे. मोजण्या दहा, पोरं सहा. एक फेरी पूर्ण झाली की चार उरतात, म्हणजे शंभर चौथ्यावर पडतो आणि तो सुटतो. इथे भागाकार किती आला याला कुणी विचारत नाही, सगळं बाकीवर ठरतं. वऱ्हाड, चकल्या बाजूला ठेवून रात्री हेच धरून बसलो.

सुटलेल्याच्या पुढच्यापासून मोजणी चालू ठेवायची. चौथा सुटल्यावर पाच उरले, क्रम ५, ६, १, २, ३. दहाला पाचाने भागून बाकी शून्य, म्हणजे ओळीतला शेवटचा सुटतो, तिसरा. मग चार जण: ५, ६, १, २. बाकी दोन, सहावा सुटला. मग १, २, ५. बाकी एक, पहिला सुटला. मग २ आणि ५. बाकी शून्य, पाचवा सुटला. राज्य दोन नंबरवर. मी बटाटे मांडून पडताळा घेतला, तरीही दोनच.

कार्ड तयार झालं: 'गण्या रोज म्हणतो, माझ्यावर राज्य आलं तर मी घरी जातो. सहा जण गोलात आहेत, मोजणी पहिल्यापासून. गण्याला कुठे उभं करू म्हणजे तो घरी जाईल?' गण्याला घरी 'घालवायचं' आहे, हे मुद्दाम. वाचवायचं म्हटलं असतं तर पाच उत्तरं बरोबर ठरली असती आणि अंदाजही लागला असता.

काल संध्याकाळी दिलं. शून्य बाकीवर गाडी अडकणार हे माहीत होतं, तशी अडकली. एक जण म्हणाला, "शून्य नंबरचा कुठे उभा असतो?" मी गप्प बसलो. त्यांनीच पाच जणांना उभं करून दहा मोजलं आणि पाचव्यावर बोट थांबलं. तिसरीतली पोरगी म्हणाली, "बाकी शून्य म्हणजे फेरी पुरी झाली, मग शेवटचाच ना!" हे मी वहीत तिच्याच शब्दांत उतरवून ठेवलंय.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तला (इ.स. ११५०) भुंग्यांचा थवा आज नव्याने आठवला. पाचवा हिस्सा कदंबावर, तिसरा हिस्सा शिलींध्रावर, त्या दोहोंतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एकच भुंगा हवेत घोटाळत राहिलेला. एकूण १५. पण लक्षात राहतो तो उरलेला एक. आमचा नवरदेव त्याच्याच जातीचा.

पुढच्या रविवारी तिन्ही कार्डं पिसून देणार होतो. आता वाटतं, चकणंच आधी पुढे न्यावं: पोरं सात झाली तर कोणावर राज्य येतं ते त्यांनीच काढावं आणि कार्डही त्यांनीच लिहावं. अडचण एकच. कालपासून लपाछपीत दोन नंबरला कुणी उभं राहायला तयार नाही, आणि खेळ सुरूच होत नाही म्हणून खालच्या मजल्यावरून माझ्याकडे तक्रार आली आहे.